तांबं महागलं, मशीन नवं, नफा कागदावर: घसारा आणि स्टॉक कुठल्या पद्धतीने धरायचा?

वाचकाचं पत्र

आमची नाशिकजवळच्या एमआयडीसीत छोटी पार्टनरशिप फर्म आहे. दादा शॉप फ्लोअर बघतो, मी हिशोब. तांब्याच्या पट्टीपासून बसबार आणि टर्मिनल बनवतो. गेल्या सप्टेंबरात ४० लाखांचं नवं पंचिंग मशीन घेतलं, पण ते चालू व्हायला ऑक्टोबरचा शेवट उजाडला. वर्षभर तांबं महाग होत गेलं, त्यामुळे ३१ मार्च २०२६ ला नफा चांगला दिसतोय पण खात्यात पैसा नाही. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो की त्यांची कंपनी स्टॉक लिफोने, म्हणजे शेवटी आलेला माल आधी वापरला असं मानून, धरते आणि टॅक्स वाचवते, तुम्हीही तेच करा. टॅलीत तो ऑप्शन दिसतोय सुद्धा. दादाचं म्हणणं घसारा डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे घटत्या शिलकीवर, भरपूर टाकू म्हणजे टॅक्स कमी. मला भीती वाटते की नफा कमी दिसला तर सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट रिन्यू करताना बँक अडवेल. टॅक्स वाचवू की बँकेला नफा दाखवू?

उत्तर

ताई, टॅक्स आणि बँक या दोघांपुढे एकच नफा जातो असं तुम्ही धरून चाललाय आणि सगळा ताण तिथूनच आलाय. घसाऱ्याच्या बाबतीत तरी तसं नसतं. वहीत तुम्ही जो घसारा टाकता तो आयकराच्या कॉम्प्युटेशनमध्ये पहिल्यांदा नफ्यात परत मिळवला जातो आणि मग आयकर कायद्याप्रमाणे जो बसतो तो वजा होतो, मग वहीत तुम्ही सरळ रेषेने टाका किंवा घटत्या शिलकीवर टाका, टॅक्सचा आकडा तोच येणार. तुमच्या सीएंनी दिलेल्या कॉम्प्युटेशनचं पहिलं पान काढून बघा, "वहीप्रमाणे नफा" च्या खाली हे मिळवणं आणि वजा करणं दोन ओळींत दिसेल. ज्या छोट्या फर्म वहीतच आयकराचे दर लावतात त्यांच्याकडे दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणून ते लक्षात येत नाही इतकंच.

आयकरात पद्धत निवडायची मुभाच नाहीये. वीज निर्मितीवाल्यांना सरळ रेषेचा पर्याय दिलाय, बाकी आपल्यासारख्या सगळ्यांना ब्लॉकवर, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या गटावर, घटत्या शिलकीनेच घसारा मिळतो, साधारण यंत्रसामग्रीला दर १५ टक्के. "यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ" हे पण चालत नाही, तुम्ही मागा न मागा तो वजा झालाच असं कायदा धरतो. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षाला नवा आयकर कायदा लागू आहे, पण तुम्ही विचारताय ते वर्ष १९६१ च्या कायद्यातलंच.) म्हणजे दादा जे म्हणतोय ते टॅक्समध्ये आपोआप होणारच आहे, त्यासाठी वहीत काही करायची गरज नाही.

आता दोन पद्धतींत फरक किती पडतो ते तुमच्याच मशीनवर बघू, सोयीसाठी पूर्ण वर्ष धरून. ४० लाख ही जीएसटी सोडून किंमत धरतोय, कारण जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही, हे एकदा तपासून घ्या, बरेच जण बिलाची पूर्ण रक्कम ब्लॉकमध्ये टाकून मोकळे होतात. १५ वर्षं आयुष्य आणि शेवटी ५ टक्के भंगार किंमत धरली तर सरळ रेषेने दर वर्षी साधारण २ लाख ५३ हजार घसारा बसतो, पहिल्या वर्षी तेवढाच आणि चौदाव्या वर्षीही तेवढाच. घटत्या शिलकीने १५ टक्के लावला तर पहिल्या वर्षी ६ लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३४ लाखांवर ५ लाख १० हजार, मग ४ लाख ३३ हजार, असं उतरत जातं. सहाव्या वर्षी तो २ लाख ६६ हजार असतो आणि सातव्या वर्षी २ लाख २६ हजार, म्हणजे सातव्या वर्षापासून तो सरळ रेषेच्या खाली जातो आणि पुढे खालीच राहतो. पंधरा वर्षांनंतरही जवळपास साडेतीन लाख वजा व्हायचे बाकीच असतात.

याचा अर्थ आयकरातल्या घटत्या शिलकीमुळे टॅक्स वाचला असं म्हणण्यापेक्षा तो पुढे गेला असं म्हणायला हवं. फर्मचा दर ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२ होतो (उत्पन्न एक कोटीच्या आत असेल तर), त्या हिशोबाने पहिल्या वर्षीच्या ३ लाख ४७ हजारांच्या फरकावर साधारण १ लाख ८ हजार टॅक्स आज भरायचा टळतो, आणि सातव्या वर्षापासून तो हळूहळू भरावा लागतो. मधली वर्षं तो पैसा तुमच्याकडे बिनव्याजी राहतो आणि सीसीवर तुम्ही व्याज भरताय म्हटल्यावर त्याला किंमत आहेच, पण तो एक लाख आठ हजार कायमचा खिशात पडला असं धरून कुणी उचल घेऊ नका.

तुमच्या केसमध्ये पद्धतीपेक्षा मोठी गोष्ट तारखेत अडकलीय. पहिल्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर दर निम्मा होतो, आणि इथे बिलाची तारीख चालत नाही, मशीन धंद्यासाठी वापरात आलं ती तारीख लागते. साध्या वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख पडते. बिल सप्टेंबरचं असलं तरी मशीन ऑक्टोबरच्या शेवटी चालू झालंय, म्हणजे तुम्हाला यंदा १५ च्या जागी साडेसात टक्केच, ३ लाख. बिलाची तारीख दाखवून पूर्ण दर घ्यायचा मोह होतो, पण इंजिनिअरने सही केलेला कमिशनिंग रिपोर्ट, वाढीव लोडचं वीजबिल, पहिल्या जॉबचं कार्ड हे सगळे कागद खरी तारीख बोलतात, आणि विचारणा झाली की हेच मागितले जातात.

पण तुम्हाला एक गोष्ट मिळू शकते जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीये. नवीन यंत्र, उत्पादनाचा धंदा आणि पार्टनरशिप फर्म असं जमत असेल तर २० टक्के जादा घसारा पहिल्याच वर्षी मिळतो. वापराचे १८० दिवस भरत नसतील तर निम्मा यंदा आणि उरलेला निम्मा पुढच्या वर्षी. म्हणजे तुमच्याकडे यंदा ३ लाख साधा आणि ४ लाख जादा मिळून ७ लाख होतात, आणि पुढच्या वर्षी उरलेल्या ३३ लाखांवर १५ टक्क्यांनी ४ लाख ९५ हजार आणि राहिलेले ४ लाख, मिळून ८ लाख ९५ हजार. इतर वाचकांसाठी सांगते, जी कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात गेलीय किंवा जो प्रोप्रायटर नव्या टॅक्स रिजीममध्ये आहे त्याला हा जादा घसारा मिळत नाही, आणि सेकंडहँड मशीनला तर कुणालाच नाही. फर्मला असली सवलतीची रिजीम नसल्याने तुमच्यासाठी दार उघडं आहे. सीएंना थेट विचारा, जादा घसारा घेतला का आणि पुढच्या वर्षीच्या निम्म्याची नोंद कुठे ठेवलीय. दुसऱ्या वर्षी तो उरलेला भाग घ्यायचा राहून जातो, विशेषतः मध्ये ऑडिटर बदलला तर.

आता वहीत काय टाकायचं? मालमत्तेचं आयुष्य सांगणारं कंपनी कायद्याचं दुसरं शेड्यूल फर्मला लागत नाही, त्यामुळे इथे खरोखर निवड तुमची आहे. तुमची भीती बँकेची आहे म्हणून त्याच बाजूने बघू. समजा घसारा सोडून नफा २० लाख आहे. सरळ रेषेने तो साडेसतरा लाखांच्या आसपास दिसेल, घटत्या शिलकीने १४ लाख. पण टर्म लोनचा हप्ता झेपेल का हे बघताना बँक निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवते, कारण घसाऱ्याला पैसा बाहेर जात नाही, मग दोन्हीकडे आकडा २० लाखच होतो. टॅक्सही दोन्हीकडे सारखाच हे वर आलंच. त्यामुळे हप्ता फेडायची ऐपत पद्धतीने हलत नाही. हलतं ते ताळेबंदातलं भांडवल, म्हणजे देणी आणि भांडवल यांचं गुणोत्तर, ते सरळ रेषेने थोडं बरं दिसतं. बँकेचा अधिकारी हे सगळं रोज बघतो, नुसत्या पद्धतीने फुगलेला किंवा आटलेला नफा त्याला कळतो.

वहीतल्या घसाऱ्याचा खरा परिणाम भाऊ-बहिणीच्या हिशोबावर होतो, आणि याचा विचार फार कमी फर्म करतात. पाच वर्षांनी समजा तुमच्यापैकी एकाने बाहेर पडायचं ठरवलं. तेव्हा सरळ रेषेने मशीन वहीत २७ लाख ३३ हजारांना उभं असेल आणि आयकराच्या दराने १७ लाख ७५ हजारांना. साडेनऊ लाखांचा फरक, आणि तो थेट दोघांच्या कॅपिटल खात्यात. पार्टनरशिप डीडमध्ये "वहीतल्या किमतीने हिशोब" असं लिहिलं असेल तर घसाऱ्याची पद्धतच वाटणी ठरवून जाते. आणि बाजारात त्या मशीनला तेव्हा काय भाव येईल याच्याशी या दोन्ही आकड्यांचा संबंध नसतो. म्हणून डीड काढून ते कलम आजच वाचा, आणि जाणाऱ्याचा हिशोब बाजारभावाच्या मूल्यांकनाने होईल असं दोघांच्या सहीने घालून घ्या, आता दोघांचं छान चाललंय तेव्हाच हे सोपं असतं.

माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या जॉबला, जिथे मशीन वर्षानुवर्षं साधारण सारख्याच शिफ्ट चालतं आणि टूल वेगळी बदलली जातात, तिथे वहीत सरळ रेषा जास्त खरी वाटते. जे मशीन दोन-तीन वर्षांत नव्या मॉडेलपुढे जुनं होतं, किंवा पहिली वर्षं चांगलं चालून मग दुरुस्ती खायला लागतं, तिथे घटती शिल्लक बरोबर, कारण घसारा उतरत जातो आणि दुरुस्ती चढत जाते आणि दोन्ही मिळून खर्च बराच समान पडतो. सरळ रेषा घेतलीत तर मालमत्तेची दोन रजिस्टरं ठेवावी लागतील, एक वहीचं आणि एक आयकराच्या ब्लॉकचं. एक्सेलच्या दोन शीट, त्यापेक्षा मोठं काम नाही, पण ठेवायला हवीत. आणि एकदा ठरवलं की दर वर्षी नफा बघून पद्धत फिरवू नका.

आता तांब्याकडे येते, कारण खात्यात पैसा नाही या तुमच्या तक्रारीचं मूळ मशीनपेक्षा रॅकवर जास्त आहे. आकडे मी हिशोबाला सोपे घेते, तुमच्या खरेदीच्या बिलांवरून खरे टाकून बघा. वर्षाच्या सुरुवातीला २ टन पट्टी ८०० रुपये किलोने पडून होती. मग ३ टन ८५० ने घेतली, ३ टन ९२० ने आणि शेवटी २ टन १००० ने. एकूण १० टन, ८९ लाख १० हजारांची. त्यातली ८ टन वापरली, २ टन उरली. ती २ टन कितीची?

फिफो म्हणतं जुनं आधी गेलं, म्हणजे उरलं ते शेवटचं, १००० च्या भावाचं, २० लाख. लिफो म्हणतं नवं आधी गेलं, उरलं ते वर्षाच्या सुरुवातीचं ८०० वालं, १६ लाख. सरासरीने ८९१ चा भाव पडतो, १७ लाख ८२ हजार. पट्टी तीच, वजन तेच, रॅकवरची जागा सुद्धा तीच. पण शेवटचा साठा जितका जास्त धराल तितका वापरलेल्या मालाचा खर्च कमी आणि नफा जास्त, म्हणून फिफो आणि लिफोत ४ लाखांच्या नफ्याचा फरक आणि त्यावर जवळपास सव्वा लाखाचा टॅक्स. तुमचा मावसभाऊ म्हणतोय तो हाच सव्वा लाख.

त्याचं तिथल्यापुरतं खरं आहे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने लिफोला पहिल्यांदा परवानगी दिली ती कातडी कमावणाऱ्यांना आणि लोखंड सोडून काही ठरावीक धातूंच्या धंद्याला, आणि १९३९ मध्ये सगळ्यांना. पण तिथे अट पण आहे, टॅक्सला लिफो लावलं तर शेअरहोल्डर आणि बँकेला दाखवायच्या हिशोबातही लिफोच लावावं लागतं. म्हणजे टॅक्सला कमी नफा आणि बँकेला जास्त अशी सोय त्यालाही नाहीये.

आपल्याकडे लिफो चालतच नाही. हिशोबाच्या मानकातून ते १९९९ च्या सुधारणेत गेलं, आणि आयकराचं स्वतःचं साठ्याचं मानक, आयसीडीएस २, जे २०१७-१८ च्या असेसमेंट इयरपासून लागू आहे, ते फिफो किंवा भारित सरासरी एवढंच मान्य करतं (ओळखू येणाऱ्या वेगवेगळ्या वस्तूंना त्या त्या वस्तूची किंमत धरता येते, पण पट्टीच्या कॉइलला ते लागू करायची गरज नाही). टॅलीत आयटमच्या `Costing method` मध्ये `LIFO Annual` आणि `LIFO Perpetual` दिसतात ते सॉफ्टवेअर अनेक देशांत विकलं जातं म्हणून, ऑप्शन आहे म्हणजे कायद्याला चालतं असं नाही. त्याच यादीत `Last Purchase Cost` असतं, त्यापासून जास्त सांभाळा. लोक ते फिफो समजून लावतात. तुमच्याकडे २ च्या जागी ३ टन उरली असती तर फिफोने २ टन १००० ने आणि १ टन ९२० ने आली असती, हे मात्र तिन्ही टन १००० ने लावतं, ८० हजारांचा नफा जो झालाच नाही आणि त्यावर २५ हजारांचा टॅक्स. स्टॉक समरीतला भाव शेवटच्या बिलाच्या भावाशी तंतोतंत जुळत असेल आणि साठा त्या बिलाच्या वजनापेक्षा जास्त असेल तर समजा की हेच झालंय.

म्हणजे तुमची निवड फिफो की सरासरी एवढीच उरते. पहिल्या वर्षी सरासरीने २ लाख १८ हजार नफा कमी, ६८ हजार टॅक्स कमी. मोहात पाडणारं आहे, म्हणून पुढचं वर्षही करून बघू. समजा पुढच्या वर्षी तांबं उतरलं, ८ टन ८५० ने घेतली, ८ टन वापरली, २ टन उरली. फिफोला सुरुवातीचा २० लाखांचा महाग माल आधी गिळावा लागतो, वापराचा खर्च ७१ लाख. सरासरीला साधारण ६८ लाख ६६ हजार. आता सरासरीवाल्याचा नफा २ लाख ३४ हजारांनी जास्त आला, टॅक्स ७३ हजारांनी जास्त. आधी वाचलेले ६८ हजार गेले आणि वर थोडे आणखी गेले. या वर्षीचा शेवटचा साठा हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा असतो, त्यामुळे इकडे दाबलेला नफा तिकडे वर येतोच. लिफोचंही तसंच, भाव चढता आणि साठा कायम राहिला तर टॅक्स वर्षानुवर्षं पुढे जातो, पण ज्या वर्षी साठा आटतो त्या वर्षी जुन्या स्वस्त भावाचा माल खर्चात येतो आणि साचलेला सगळा नफा एकदम टॅक्सला उभा राहतो.

बँकेच्या बाजूने बघितलं तर साठा कमी धरणं उलट अंगावर येतं. सीसीची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती रक्कम उचलता येईल ते, स्टॉक स्टेटमेंटवर निघते. मार्जिन २५ टक्के असेल तर २० लाखांच्या साठ्यावर १५ लाख उचलता येतात, १७ लाख ८२ हजारांवर १३ लाख ३७ हजार (उधारीवर घेतलेल्या मालाची वजाबाकी दोन्हीकडे सारखी). म्हणजे पुढे ढकललेल्या ६८ हजारांसाठी तुम्ही १ लाख ६३ हजारांची उचल कमी करून घेताय. मग काही जण बँकेला चालू भावाने साठा दाखवतात आणि वहीत सरासरीने. ते अजिबात करू नका. ३१ मार्चचं स्टॉक स्टेटमेंट आणि ताळेबंदातला साठा जुळला नाही की आयकरवाले फरकाची रक्कम उत्पन्नात धरायला बघतात आणि बँक खातं संशयाने बघते, यावर वर्षानुवर्षं अपिलं चालल्याची प्रकरणं आहेत. दर महिन्याचं स्टेटमेंट टॅलीच्या त्याच पद्धतीच्या स्टॉक समरीतून काढा, हाताने भाव घालू नका.

तुमच्या रॅकवर कॉइल आल्या तशा मिसळतात, कापलेले तुकडे परत ठेवले जातात, कुठली पट्टी कुठल्या बिलाची ते कुणाला सांगता येत नाही, आणि भाव तांब्यासारखा वरखाली होतो. अशा ठिकाणी मी सरासरी धरते, नफा उड्या कमी मारतो. पण आज तुम्ही फिफोने असाल तर फक्त यंदाच्या ६८ हजारांसाठी बदलू नका. वाजवी कारणाशिवाय पद्धत बदलायची परवानगी नाही आणि टॅक्स ऑडिटच्या ३सीडी मध्ये साठ्याची पद्धत लिहावीच लागते, महागाईच्या वर्षी बदल झालेला लगेच डोळ्यात भरतो. आधी फक्त बघा की गेल्या वर्षीच्या ३सीडीत काय लिहिलंय आणि टॅली खरंच त्या पद्धतीने चालतेय का, कारण टॅली न सांगता `Avg. Cost` वर असते आणि रिपोर्टमध्ये सवयीने फिफो लिहिलेलं असतं, असं मी कितीतरी फर्ममध्ये बघितलंय.

आणि आता नफा आहे पण पैसा नाही ते. वर्षाच्या सुरुवातीला २ टन होती, शेवटीही २ टन. तेवढंच वजन ठेवायला आधी १६ लाख अडकले होते, आता २० लाख. फिफोने जो नफा दिसतो त्यातले ४ लाख असे रॅकवर पट्टी होऊन बसलेत, ते ग्राहकाकडून आले आणि त्याच वजनाच्या महाग मालात गेले, आणि त्यावरचा सव्वा लाख टॅक्स मात्र रोखीने भरायचाय. लिफोमागचा विचार नेमका हाच आहे की हा नफा वाटून खाण्यासारखा नाही. हिशोबात लिफो लावता येत नाही, पण तो विचार करायला कुणी मनाई केलेली नाही, आणि तो दोन ठिकाणी कामाला येतो.

एक म्हणजे कोटेशन. दादा भाव काढताना रॅकवरच्या पट्टीचा जुना भाव धरतो की ती पट्टी परत घ्यायला आज काय पडेल तो? ८५० ची पट्टी वापरून ८५० वर मार्जिन लावून बसबार विकला आणि पुढची कॉइल १००० ने आणली तर वहीत नफा लिहिला जाईल आणि सीसी वाढत जाईल. भाव आजच्या खरेदीदरावर काढा, आणि मोठ्या ग्राहकांच्या ऑर्डरमध्ये तांब्याचा भाव लंडन मेटल एक्सचेंजच्या दराशी किंवा तुमच्या सप्लायरच्या त्या महिन्याच्या दरयादीशी जोडून घ्या, स्विचगिअरवाल्यांना हे नवीन नाही, मागायला हवं. प्रोसेसिंगचे पैसे किलोवर वेगळे दाखवले तर ते बोलणं सोपं होतं.

दुसरं म्हणजे उचल. दोघांनी उचल ठरवताना वहीतला नफा घेऊ नका. त्यातून साठ्याच्या भाववाढीचा भाग, तुमच्या केसमध्ये फिफोने ४ लाख आणि सरासरीने १ लाख ८२ हजार, बाजूला काढा, टॅक्स बाजूला काढा, टर्म लोनच्या हप्त्यातली मुद्दल घसाऱ्यापेक्षा जास्त असेल तर तो फरक बाजूला काढा, उरेल ते तुमचं. वहीत सरळ रेषा घेतली तर ही शेवटची वजाबाकी जास्त महत्त्वाची होते, कारण २ लाख ५३ हजार घसारा आणि बँकेची मुद्दल वर्षाला ६-७ लाख असं असतं, आणि मधले चार लाख नफा म्हणून दिसतात पण ते बँकेचे असतात.

भाव अचानक पडला तर एक गोष्ट लक्षात असू द्या. साठा खरेदी किंमत किंवा विकून हाती येईल ती किंमत, यातल्या कमीने धरायचा असतो, पण कच्च्या मालाला हे थेट बाजारभावाने लावत नाहीत. त्या पट्टीपासून बनलेला बसबार आपल्या पूर्ण खर्चाला किंवा जास्तीला विकला जाणार असेल तर पट्टी खरेदी किमतीलाच राहते, बाजार खाली आला तरी. हातात पक्क्या भावाची ऑर्डर असेल तर तिची प्रत स्टॉकच्या फाइलला लावून ठेवा.

सीएंकडे जाताना कमिशनिंग रिपोर्ट, गेल्या वर्षीची ३सीडी, मार्चचं बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि पार्टनरशिप डीड एवढे चार कागद घेऊन जा, आणि दादालाही बरोबर न्या, कोटेशनचा भाव तोच काढतो.